गीझरखाली काय बसवलंय: एनआरव्ही की सेफ्टी व्हॉल्व्ह?

हार्डवेअरच्या दुकानात "गीझरचा व्हॉल्व्ह द्या" म्हटलं की दुकानदार दोन वस्तूंपैकी कुठलीही काढून देऊ शकतो. दोन्ही पितळी, दोन्ही अर्ध्या इंचाच्या, दोन्हींवर बाण कोरलेला. एक एनआरव्ही, म्हणजे पाणी एकाच दिशेने सोडणारा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह. दुसरा गीझरच्या खोक्यातून मिळतो तो सेफ्टी व्हॉल्व्ह. काही जण त्याला मल्टीफंक्शन व्हॉल्व्ह म्हणतात. गीझरच्या थंड पाण्याच्या तोंडावर दोन्ही सारखेच बसतात, पाणीही सारखंच येतं. म्हणूनच एकाच्या जागी दुसरा बसला तरी महिनोन्‌महिने कुणाच्या लक्षात येत नाही.

हातात घेऊन पाहिलं तर मात्र फरक कळतो. एनआरव्ही सरळसोट असतो: दोन टोकांना आटे आणि आत स्प्रिंगवरची एक चकती. सेफ्टी व्हॉल्व्हच्या पोटाला बाजूने एक बारीक तोंड फुटलेलं असतं आणि बहुतेकदा छोटा लिव्हर असतो. अंगावर दाबाचा आकडाही कोरलेला असतो, साधारणपणे ८ बार किंवा ०.८ एमपीए. हा आकडा आणि ते बाजूचं तोंड, या दोन खुणा नसतील तर तो सेफ्टी व्हॉल्व्ह नव्हे, दुकानदार काहीही म्हणो.

गोंधळ होतो त्यालाही कारण आहे. सेफ्टी व्हॉल्व्हच्या आत एनआरव्ही असतोच. आपल्याकडे तो लागतोही. सोसायटी दुपारी गच्चीवरच्या टाकीचा कॉक बंद करते, खालच्या मजल्यांवर नळ चालू राहतात आणि उभ्या पाइपातलं पाणी उतरतं. अशा वेळी वरच्या मजल्यावरच्या गीझरमधलं पाणी थंड पाण्याच्या तोंडातून मागे ओढलं जाऊ शकतं. गीझरची टाकी रिकामी, बटण चालू, आणि एलिमेंट कोरडा तापून जळतो. ही भानगड एनआरव्ही थांबवतो. सेफ्टी व्हॉल्व्ह ते करतोच, वर टाकीतला दाब वाढला तर बाजूच्या तोंडातून थोडं पाणी बाहेर सोडतो. हे दुसरं काम साधा एनआरव्ही करू शकत नाही.

दाब वाढतो कसा, ते एकदा नीट पाहायला हवं. १५ लिटरच्या गीझरमधलं पाणी २७ अंशांवरून ६० अंशांपर्यंत तापलं की सुमारे २०० मिलिलिटरने फुगतं. दोन कटिंग चहाएवढं. मिक्सर बंद असतो, त्यामुळे गरम पाण्याच्या बाजूने वाट नाही. थंड पाण्याच्या बाजूला काहीच व्हॉल्व्ह नसेल, तर फुगलेलं पाणी मुकाट्याने पाइपातून गच्चीच्या टाकीकडे सरकतं आणि दाब वाढतच नाही. तिथे एनआरव्ही बसवला की ती वाटही बंद झाली. पाणी दाबून लहान होत नाही, म्हणून तेवढ्याशा फुगवट्यानेही टाकीतला दाब झपाट्याने चढतो. सेफ्टी व्हॉल्व्ह ठरलेल्या आकड्याला उघडतो, चार थेंब टाकतो आणि मिटतो. साधा एनआरव्ही असेल तर तो दाब टाकीचे सांधे, कनेक्शन पाइप आणि मिक्सरचे वॉशर झेलत बसतात, रोज सकाळी. म्हणजे नुसता एनआरव्ही लावणं हे काहीच न लावण्यापेक्षा जास्त धोक्याचं. हे ऐकून प्लंबर मान हलवतात खरे, पण थेंब बंद झाला की गिऱ्हाईक खूश, हेही त्यांना ठाऊक असतं.

आमच्या मुलुंडच्या एका ओळखीच्या घरी असंच झालं. सात मजली इमारत, तिसरा मजला, १५ लिटरचा गीझर. व्हॉल्व्हच्या नळीतून दिवसभर ठिपठिप. प्लंबरने जुना काढून नवा लावला, गळती थांबली, पैसे घेऊन तो गेला. नंतर काकूंची तक्रार सुरू झाली की सकाळी गरम पाण्याचा नळ उघडला की पहिली धार अंगावर उडते आणि लगेच नेहमीसारखी होते. ही खूण ओळखून ठेवावी. गीझर तापून बंद झाल्यावर पहिली धार जोरात उसळत असेल, तर आत दाब कोंडलेला आहे. खाली वाकून पाहिलं तर नव्या व्हॉल्व्हला बाजूचं तोंडच नव्हतं. कनेक्शन पाइपाच्या नटापाशी ओलही आली होती.

मग मूळची ठिपठिप कशाची होती? इथे थोडा हिशोब उपयोगी पडतो. दहा मीटर उंचीच्या पाण्याचा दाब साधारण एक बार. तिसऱ्या मजल्यापासून गच्चीच्या टाकीतल्या पाण्यापर्यंत फार तर सतरा-अठरा मीटर, म्हणजे पावणेदोन बारच्या आसपास. ८ बारचा व्हॉल्व्ह एवढ्या दाबाने उघडणं शक्य नाही. तरी गीझर बंद आणि थंड असताना तो ठिबकतो आहे, तर त्याच्या बसायच्या जागेवर कचरा अडकलाय किंवा रबर गेलंय. लिव्हर दोन-चार वेळा उचलून पाण्याचा फवारा जाऊ दिला तर बऱ्याचदा कचरा निघून जातो. नाही गेला तर सेफ्टी व्हॉल्व्हच नवा आणायचा. लिव्हर उचलताना गीझर थंड असावा, कारण बाहेर येणारं पाणी टाकीतलं असतं.

उंच टॉवरमध्ये हिशोब बदलतो. ८ बार म्हणजे ऐंशी मीटर पाणी, साधारण पंचवीस मजले. तिथे डक्टमध्ये दाब कमी करणारे वेगळे व्हॉल्व्ह लावलेले असतात आणि त्यातला एखादा बिघडला तर खालच्या मजल्यांवरचे सेफ्टी व्हॉल्व्ह थंड असतानाही वाहू शकतात. शेजाऱ्यांकडेही तेच चालू असेल तर आपला व्हॉल्व्ह बदलून काही होणार नाही, सोसायटीच्या प्लंबरला डक्ट उघडायला लावायचा. फक्त तापताना पडणारे थेंब मात्र दोन्हीकडे बिघाड नव्हेत. ते पडू नयेत म्हणून तोंडात स्क्रू पिळणं किंवा नळीला गाठ मारणं म्हणजे सेफ्टी व्हॉल्व्हचा हातानेच एनआरव्ही करून टाकणं. गीझर आणि व्हॉल्व्ह यांच्या मध्ये अँगल कॉक बसवला तरी परिणाम तोच. कॉक हवाच असेल तर व्हॉल्व्हच्या आधी, पाइपाच्या बाजूला.

थेंब पडणारच हे एकदा मान्य केलं की गीझर कुठे टांगायचा हा प्रश्न निम्मा सुटतो. व्हॉल्व्हच्या तोंडाला पातळ नळी जोडून ती उताराने, मध्ये कुठेही वर न चढता, नहाणी ट्रॅपच्या दिशेने सोडायची. थर्मोस्टॅट आणि पाणी जास्त तापल्यावर वीज तोडणारा कटआउट दोन्ही एकदम गेले तर त्याच नळीतून उकळतं पाणी किंवा वाफ येईल, म्हणून तिचं टोक माणूस उभा राहतो तिथे नको. शॉवरच्या बरोबर वर गीझर लावला तर हे जमवणं कठीण जातं. विजेच्या कामात शॉवरच्या तोंडाभोवतीचा १.२ मीटरचा घेर आणि जमिनीपासून २.२५ मीटरपर्यंतची उंची हा जपायचा भाग धरतात. आपल्या चार बाय सहाच्या बाथरूममध्ये १.२ मीटरचा घेर काढला तर उरतं काय? म्हणून बहुतेक घरांत शॉवरच्या समोरची भिंत, दरवाजाच्या वरचा भाग, हाच व्यवहारी पर्याय. १६ अँपियरचा प्लग पॉइंटही त्याच कोरड्या बाजूला, तुषार पोचणार नाहीत असा, आणि बटण शक्यतो दरवाजाबाहेर. विजेची गळती होताच पुरवठा तोडणारी ३० मिलिअँपियरची आरसीसीबी नसेल तर गीझर लावतानाच बसवून घ्यावी.

फॉल्स सीलिंगच्या वर गीझर लपवायची हल्ली हौस आहे. दिसायला छान, पण व्हॉल्व्ह कधी वाहायला लागला ते सीलिंगवर पिवळा डाग आल्यावरच कळतं. लपवायचाच असेल तर नळीचं टोक सीलिंगच्या खाली दिसेल असं काढावं आणि हात जाईल एवढं उघडतं झाकण ठेवावं. उभ्या गीझरचा एलिमेंट बहुतेक वेळा खालून निघतो, त्यामुळे तो काढता येईल इतकी मोकळी जागा खाली लागतेच.

दरवाजावरची भिंत निवडली की मग ती काय धरू शकते ते पाहायचं. १५ लिटरचा गीझर भरल्यावर पंचवीस किलोच्या आसपास, २५ लिटरचा सदतीस-अडतीस. वजन तसं फार नाही, पण ते भिंतीपासून पुढे लोंबतं, त्यामुळे वरचे फास्टनर खाली दाबले जाण्याबरोबर बाहेरही ओढले जातात. अँकर फास्टनर आत फुगून भोवतालच्या काँक्रीटला घट्ट धरतो. नव्या टॉवरमधली पूर्ण काँक्रीटची भिंत त्याला उत्तम. पण बाथरूमची आतली भिंत पुष्कळदा हलक्या एएसी ब्लॉकची असते, ज्याला मिस्त्री सरसकट सिपोरेक्स म्हणतात. तिथे तोच फास्टनर आवळला की ब्लॉकचा भुगा होतो आणि भोक मोठं होत जातं. ड्रिल मारताना काय पडतं ते पाहावं: करडी बारीक पूड आणि दमवणारं ड्रिल म्हणजे काँक्रीट, लाल पूड म्हणजे वीट, आणि पांढरट भुसा पडून ड्रिल लोण्यात घुसल्यासारखं गेलं तर एएसी. एएसीला त्यासाठीचे लांब नायलॉन प्लग किंवा केमिकल अँकर लावायचे, किंवा भिंतीच्या पलीकडे पट्टी देऊन आरपार बोल्ट घ्यायचा. चार इंची जुन्या विटेच्या भिंतीतही मी आरपार बोल्टच पसंत करीन.

टाइल आणि तिच्यामागचा माल मिळून इंच-दीड इंच जातो आणि त्यात काही पकडत नाही. फुगणारा भाग त्याच्या पलीकडे खऱ्या भिंतीत गेला पाहिजे. गीझरसोबत आलेले छोटे फास्टनर कधी कधी तिथपर्यंत पोचतच नाहीत.

ब्रॅकेटचा आणि व्हॉल्व्हचा शेवटचा संबंध पान्याशी आहे. व्हॉल्व्ह आवळताना जोर लावला की सगळा गीझर हुकांवर फिरायला बघतो. म्हणून दुसऱ्या पान्याने गीझरची नळी धरून मगच व्हॉल्व्ह पिळावा, बाण गीझरकडे आणि बाजूचं तोंड खाली राहील असा. काम झाल्यावर आधी गरम नळ उघडून त्यातून पाण्याची सलग धार येईपर्यंत टाकी भरू द्यायची, ब्रॅकेटजवळ टाइलला नवी चीर गेली नाही ना ते पाहायचं, आणि मगच बटण दाबायचं.