पोकळ वाजणारा गिलावा आणि पापुद्रा सुटणारा गिलावा: एकाच भिंतीवरचे दोन निरनिराळे दोष

नव्या घराच्या भिंतीवर बोटांनी टकटक केल्यावर ढप असा आवाज आला, किंवा रंगाबरोबर गिलाव्याचा तुकडा हातात आला, की आपल्याकडे दोन्हींसाठी एकच वाक्य वापरले जाते: ‘प्लास्टर सुटलं.’ पण हे दोन दोष वेगळ्या ठिकाणी जन्माला येतात. पोकळ वाजणाऱ्या गिलाव्यात फट पडलेली असते ती भिंत आणि गिलावा यांच्यामध्ये. गिलावा स्वतः कदाचित दगडासारखा घट्ट असतो, पण त्याचा पाठीमागचा आधार गेलेला असतो. पापुद्रा सुटतो तेव्हा गिलाव्याचा मुख्य थर भिंतीला धरून असतो आणि त्याच्यावरची मिलिमीटर-दोन मिलिमीटरची कातडी तेवढी अलग होते. फट नेमकी कोणत्या पातळीवर आहे, हे न पाहता दुरुस्ती केली, तर चांगला गिलावा फोडला जातो आणि वाईट गिलावा पुट्टीखाली झाकला जातो.

बेळगावहून खानापूरकडे जाताना लागणाऱ्या एका गावातले घर मी मागच्या उन्हाळ्यात पाहिले, तिथे एकाच पश्चिमेच्या भिंतीवर हे दोन्ही दोष होते. आर.सी.सी. सांगाडा, मधल्या भिंती तालुक्यातल्याच भट्टीच्या विटांच्या, बाहेरून एका हाताचा सिमेंट गिलावा. काम मार्चमध्ये झाले होते. घरच्या काकूंना मिस्त्रीने सांगितले होते की सगळी भिंत खरवडून पुन्हा करावी लागेल. ‘एवढी सगळी फोडायची का हो?’ एवढाच त्यांचा प्रश्न होता, आणि त्याचे उत्तर हातोडीच्या दांड्याने व खडूने मिळण्यासारखे होते.

कोरड्या भिंतीवर लाकडी दांडा हलक्या हाताने वाजवत साधारण वीतभर अंतराने पुढे सरकावे. ओल्या भिंतीवर आवाज फसवा येतो, म्हणून पाणी मारण्याचे दिवस संपून भिंत वाळल्यावरच हे करावे. जिथे गिलावा भिंतीपासून सुटला आहे तिथे आवाज खोल आणि भरीव नसलेला येतो आणि दुसरा हात शेजारी ठेवला तर बारीक कंपनही जाणवते. जिथे फक्त कातडी सुटली आहे तिथे आवाज पातळ, सुकलेल्या पानासारखा येतो आणि नखाने किंवा पत्र्याच्या कडेने तो भाग उचलता येतो. या घरात खडूने वर्तुळे काढल्यावर तीन भाग वेगळे दिसले: वरच्या बीमच्या रेषेत दीडेक मीटर लांबीची एक पट्टी पोकळ होती, खाली जमिनीपासून सुमारे ६० सेंटिमीटर उंचीपर्यंत मीटरभर लांबीचा एक भाग पोकळ होता, आणि खालच्या अर्ध्या भिंतीवर, पोकळ भागाच्या बाहेरही, पापुद्रे निघत होते.

खरी साक्ष तुकड्याची पाठ देते. बीमवरून काढलेल्या तुकड्याची पाठ इतकी गुळगुळीत होती की शटरिंगच्या प्लायची रेघ तिच्यावर उमटली होती. काँक्रीटवर पाण्याचे थेंब टाकले, तर ते जिरले नाहीत. मोत्यासारखे उभे राहिले आणि घरंगळले. शटरिंगला लावलेल्या तेलाचा थर तसाच राहिला होता आणि काँक्रीटवर टाचे, म्हणजे छिन्नीच्या खाचा, मारलेच नव्हते. सिमेंटचा माल गोंदासारखा चिकटत नाही. भिंत मालातले थोडे पाणी ओढून घेते, त्याबरोबर सिमेंटचे बारीक कण तिच्या छिद्रांत आणि खाचांत शिरतात आणि तिथेच घट्ट होतात. त्या अनेक बारीक मुळांनी गिलावा धरलेला असतो. गुळगुळीत, तेलकट काँक्रीटमध्ये त्या मुळांना शिरायला जागाच नसते.

मिस्त्रीने काहीच केले नव्हते असे मात्र नाही. त्याने बीमवर सिमेंटची नीर ब्रशने फिरवली होती. पण ती सकाळी फिरवली आणि गिलावा दुपारी केला. पातळ नीर मार्चच्या उन्हात आणि वाऱ्यात अर्ध्या तासात सुकते, आणि सुकलेल्या नीरीचा थर गिलावा आणि काँक्रीट यांच्यामध्ये नुसता एक निसरडा पडदा होऊन बसतो. नीर ओली असतानाच माल चढला, तरच तिचा उपयोग. नाही तर ती न मारलेलीच बरी.

खालच्या पोकळ भागाची गोष्ट निराळी होती. तिथे भिंत विटांची, म्हणजे पृष्ठभाग मुळात धरून ठेवणारा. तरीही काढलेल्या तुकड्याची पाठ सपाट निघाली, विटांमधल्या सांध्यांचे उंचवटे तिच्यावर नव्हते, आणि तिच्यावर तांबड्या भुकटीचा पातळ लेप होता. सांधे दहाएक मिलिमीटर खोल खरवडलेले असते, तर माल त्यांत शिरून तुकड्याच्या पाठीवर आडवे-उभे उंचवटे उमटले असते. विटेची धूळ झाडली नव्हती, त्यामुळे मालाने विटेला नव्हे, धुळीला धरले. भट्टीची कोरडी वीट आदल्या संध्याकाळी भिजवली नाही, तर ती मालातले पाणी इतक्या वेगाने ओढते की विटेलगतच्या थरात सिमेंटला जमायला पाणीच उरत नाही. उलट गिलावा करताना भिंतीवर पाणी चमकत असेल, तर छिद्रे आधीच भरलेली असतात आणि माल घसरतो. आतून भिजलेली पण वरून चमक गेलेली भिंत योग्य. (आपल्याकडच्या जांभ्याच्या चिऱ्याला खरवडीची गरज कमी, कारण त्याची भोके हीच त्याची मुळे, पण त्या भोकांतली मऊ माती तारेच्या ब्रशने काढावीच लागते.)

मात्र इथे तयारीइतकाच मोठा दोष जाडीचा होता. ओळंबा लावून पाहिले, तर तीन मीटर उंचीत भिंत तळाशी २५ मिलिमीटर आत गेलेली होती. ती सरळ दिसावी म्हणून गिलावा वर १२ आणि तळाशी ३७ मिलिमीटर झाला, आणि तो सगळा एकाच हातात चढवला गेला. सिमेंट गिलाव्याचे वजन एका चौरस मीटरला दर दहा मिलिमीटर जाडीमागे सुमारे २० किलो धरले, तर वरच्या जाडीत चौरस मीटरला २४ किलो होतात आणि तळाशी ७४. त्या मीटरभर लांब, ६० सेंटिमीटर उंच भागातच ४० किलोहून जास्त ओला माल लोंबत होता. ओला असताना तो स्वतःच्या वजनाने थोडा खाली ओघळतो, वरच्या कडेला आडवी बारीक भेग पडते आणि तिच्याखाली पोट सुटते. सुकताना पुढचा भाग आधी आकसतो, कडा पुढे ओढल्या जातात; ही ओढ जाडीबरोबर वाढते, पण भिंतीला धरणारे क्षेत्र तेवढेच राहते. म्हणून एका हाताची जाडी १५ मिलिमीटरच्या वर जाऊ देऊ नये, आणि जास्त भरायचे असेल, तर थर करून, प्रत्येक थरावर खाचा पाडून आणि तो जमल्यावरच पुढचा थर द्यावा. पुढचा थर आधीच्यापेक्षा जास्त सिमेंटचा नसावा, ही गोष्ट अनेक मिस्त्री उलटी करतात.

हाच शेवटचा नियम पापुद्र्यांच्या मुळाशी होता. जाड माल लवकर ओढत, म्हणजे घट्ट होत, नव्हता, संध्याकाळ होत आली होती, म्हणून मिस्त्रीने वर कोरडे सिमेंट भुरभुरले आणि थापीने घोटून गुळगुळीत केले. त्याच्या दृष्टीने काम छान दिसले. निघालेला पापुद्रा दीड मिलिमीटर जाड, काळसर आणि कडक होता. त्याची पाठ वाळूने भरलेली आणि बोटाला भुकटी लागेल अशी होती. वरचा थर जवळजवळ निव्वळ सिमेंटचा, म्हणून तो जास्त आकसतो. त्याने खालच्या मालातले पाणी शोषून घेतले, म्हणून त्याच्या लगेच खालची पट्टी कच्ची राहिली. दुसऱ्या दिवसापासून ऊन लागले आणि पाणी फक्त सकाळीच मारले गेले, तेव्हा कातडी तिथूनच सुटली. वरच्या १२ मिलिमीटरच्या भागात असे पापुद्रे नव्हते, कारण तिथे माल वेळेत ओढला आणि भुरभुरण्याची वेळच आली नाही. म्हणजे खालच्या भागात दोन्ही दोष एकाच जाडीतून आले, पण पोकळी मागे पडली आणि पापुद्रा पुढे.

भिंतीच्या पायथ्याशी पापुद्र्यामागे पांढरी, चवीला खारट भुकटी दिसली आणि ती पुसल्यावर पुन्हा आली, तर प्रश्न गिलाव्याचा नसून जमिनीतून किंवा पन्हाळीतून येणाऱ्या ओलाव्याचा आहे. तो बंद केल्याशिवाय कोणताही गिलावा टिकत नाही. या घरात तसे काही नव्हते.

काकूंना जे सांगितले ते असे. बीमवरचा पोकळ पट्टा आणि खालचा पोकळ भाग खडूच्या रेषेबाहेर पाच सेंटिमीटर, म्हणजे घट्ट आवाजापर्यंत, ग्राइंडरने सरळ कापून काढावा. बीमचे तेल तारेच्या ब्रशने व साबणाच्या पाण्याने धुऊन घालवून दोन-तीन सेंटिमीटर अंतराने टाचे मारावेत आणि बीम व विटांच्या सांध्यावर दोन्हीकडे १५ सेंटिमीटर जाईल अशी जाळी खिळ्यांनी ताणून बसवावी. तळाच्या भागात सांधे खरवडून, धूळ झाडून, आदल्या दिवशी भिजवून, बारा-पंधरा मिलिमीटरच्या दोन थरांत भराव आणि शेवटी पातळ थर द्यावा. प्रत्येक थराला मधल्या दिवसांत पाणी द्यावे आणि शेवटच्या थराला सात दिवस, दिवसातून तीनदा. पश्चिमेच्या भिंतीवर पोत्याचे ओले बारदान टांगले तर आणखी बरे.

पापुद्र्यांच्या भागात मात्र काही फोडायचे नव्हते. तिथे पत्र्याने कातडी खरवडून काढायची, मग खिळ्याने रेघ ओढून पाहायची: रेघ उथळ राहिली तर खालचा गिलावा चांगला आहे, वाळू सहज निखळून खड्डा पडला तर तेवढा भाग काढायचा. इथे रेघ उथळ राहिली. तळव्याएवढे दोन पोकळ ठिपके मधल्या उंचीवर होते, भेग नव्हती, दाबल्यावर हलत नव्हते. ते तसेच ठेवले आणि पावसाळ्यानंतर पुन्हा वाजवून पाहायचे ठरवले. छताखालच्या किंवा खिडकीवरच्या पोकळ भागाला मी असा वेळ दिला नसता, कारण तो कोणाच्या तरी डोक्यावर असतो.

मिस्त्रीने सगळ्या भिंतीचा जो अंदाज सांगितला होता, त्यातला सुमारे पाचवा भाग फोडावा लागला.