दिवाळी सेलमधली पैठणी: नेहमी विचारले जाणारे प्रश्न

आमचं दुकान येवल्याचं. सेलमध्ये हातमागाची आणि यंत्रमागाची, दोन्ही पैठणी असते. फोटोत दोन्ही सारख्याच देखण्या दिसतात, म्हणून खाली उत्तरं जरा सविस्तर दिली आहेत. पैसे भरण्याआधी एकदा वाचा.

एका पैठणीवर ४० टक्के सूट आणि दुसरीवर १० टक्केच, असं का?

४० टक्केवाली यंत्रमागाची आहे. ती एका डिझाइनमध्ये, एका रंगात ढिगाने निघते. हंगाम संपला की तो रंग पडून राहतो आणि मग भाव उतरवावाच लागतो. ४,२०० रुपयांची साडी त्यामुळे २,५२० ला मिळते.

हातमागाच्या साडीत रेशीम आणि विणकराची मजुरी हाच किमतीचा मोठा भाग असतो. ही मजुरी साडी मागावरून उतरली की देऊन झालेली असते. १८,५०० च्या साडीवर १० टक्के सोडले की १६,६५० होतात. ही सूट आमच्या नफ्यातून जाते आणि त्याखाली जायला फारशी जागा उरत नाही. हातमागाची नवी पैठणी कोणी निम्म्या भावात देत असेल, तर आधीचा भाव फुगवलेला आहे किंवा माल हातमागाचा नाही, एवढं समजून चालायला हरकत नाही.

अपवाद एकच. काही हातमाग साड्यांवर आम्ही २५ टक्के सोडतो आणि का सोडतो ते साडीच्या फोटोखाली लिहितो. यंदा एक मोरपंखी बांगडी-मोर आहे. पदर सुरेख आहे, पण पदरापासून हातभर अंतरावर आडव्या धाग्याचा लॉट बदलला आणि तिथून रंग किंचित गडद झाला. उजेडात धरली की आडवी रेष दिसते. ही रेष धुऊन जाणार नाही. १९,८०० ची साडी १४,८५० ला आहे ती या रेषेमुळे. नेसल्यावर ती कुठे येईल हे तुमच्या नेसण्यावर आहे, म्हणून घेण्याआधी व्हिडिओ मागून घ्या.

हातमागाची आहे हे घरी कसं ओळखायचं?

पदर उलटा करा. बाकी सगळं नंतर.

हातमागावर पदरातली नक्षी विणली जाते तेव्हा प्रत्येक रंगाची वेगळी छोटी कांडी असते. विणकर तो रंग लागेल तेवढ्याच जागेत फिरवतो आणि शेजारच्या रंगाच्या धाग्यात अडकवून मागे वळवतो. त्यामुळे मुनियेचा, म्हणजे पोपटाच्या नक्षीचा, हिरवा धागा मुनियेतच राहतो, पाठीमागून पुढच्या मुनियेपर्यंत ओढला जात नाही. म्हणूनच अशा पदराची उलटी बाजू जवळजवळ सुलटीसारखीच दिसते. कुठे बारीक टोकं निघालेली असतील, तेवढाच फरक.

यंत्रमागावर रंगीत धागा पदराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जातो आणि नक्षी नसेल तिथे पाठीमागे सुटा लोंबतो. हे धागे कापून टाकतात किंवा बांगडीत अडकू नयेत म्हणून मागून जाळी लावतात. पदराला मागून जाळी दिसली की प्रश्न मिटला.

मात्र हे पदरापुरतंच बघा. साडीच्या अंगात बुट्टी असेल किंवा काठ ब्रोकेडचा असेल, तर हातमागावरही त्यामागे सुटे धागे येऊ शकतात. काही ग्राहक बुट्टीची मागची बाजू बघून घाबरतात, तसं करू नका.

मग पदर सुलटा करून दोन मुनिया शेजारी शेजारी बघा. हाताने धागे मोजून विणलेल्या दोन चोची तंतोतंत एक नसतात. सगळ्याच छापल्यासारख्या जुळल्या तर शंका घ्यावी.

काठावर टाचणीची भोकं असली की हातमाग, असं बरेच जण सांगतात. त्यावर विसंबू नका. विणताना कापड ताणून धरावं लागतं ते यंत्रमागावरही, आणि भोकं त्याची असतात.

सिल्क मार्कचं लेबल आहे, म्हणजे हातमागच ना?

नाही. सिल्क मार्क एवढंच सांगतो की रेशीम शुद्ध आहे. यंत्रमागाच्या शुद्ध रेशमी साडीलाही तो मिळतो आणि त्यात फसवणूक काही नाही. हातमागासाठी हँडलूम मार्क वेगळा असतो. आमच्याकडे ज्या साडीला दोन्ही लेबलं आहेत तिथे दोन्ही दिसतील. ज्या यंत्रमागाच्या साड्यांत रेशीमच नाही त्यांना आम्ही ‘सेमी’ म्हणतो, आणि बिलावरही तसंच लिहितो.

रेशमाची खात्री करायची असेल तर ब्लाउजपीसच्या कडेचे दोन-तीन धागे काढून चिमट्यात धरून जाळा. रेशमाला केस जळल्यासारखा वास येतो आणि राख बोटांत चुरगळते. पॉलिस्टर वितळून कडक मणी होतो. कागदासारखा वास आला तर ते कृत्रिम रेशीम. जरीचा धागा यासाठी घेऊ नका, त्यातून काही कळत नाही.

जरी खरी आहे का?

खरी जरी म्हणजे चांदीच्या तारेवर सोन्याचा मुलामा. या सेलमधल्या एकाही साडीत ती नाही. हातमागाच्या साड्यांत टेस्टेड जरी आहे, म्हणजे आत तांब्याची तार. सेमीमध्ये प्लास्टिकची जरी असते. ती काळी पडत नाही, पण अंगाला टोचते. टेस्टेड जरी काळवंडू शकते, म्हणून तिच्यावर अत्तर किंवा स्प्रे मारू नका आणि डांबरगोळी तिला लागू देऊ नका. साडी सुती कापडात गुंडाळून ठेवा, आणि अधूनमधून घडी मोडून दुसऱ्या रेषेवर घाला.

फोटोत जांभळी दिसली, हातात आल्यावर तांबूस वाटतेय.

एकधोटी पैठणीत ताणा एका रंगाचा आणि बाणा दुसऱ्या रंगाचा असतो. साडी हलली की कधी हा रंग वर येतो, कधी तो. आम्ही आता अशा साडीचे दोन फोटो देतो, एक समोरून आणि एक तिरका. तरी मनात शंका राहिली तर दिवसा, खिडकीजवळ काढलेला व्हिडिओ मागा. ट्यूबलाइटखालचा व्हिडिओ आम्ही पाठवत नाही, त्यात सगळंच निळसर दिसतं.

सेलची साडी परत घेता का?

दोष असेल, किंवा सांगितलं होतं त्यापेक्षा वेगळी निघाली, तर घेतो. सेल असो वा नसो. ऑनलाइन विक्रीला लागू असलेल्या २०२० च्या नियमांनुसार अशी साडी परत घ्यायला विक्रेता नाही म्हणू शकत नाही, त्यामुळे यात आमचे उपकार काही नाहीत. रंग आवडला नाही, सासूबाईंना काठ मोठा वाटला, अशा कारणांसाठी पैसे परत नाहीत, साडी बदलून मिळेल. फॉल-पिको झाल्यावर किंवा ब्लाउजपीस कापल्यावर मात्र बदलून देता येत नाही. म्हणून शिंप्याकडे नेण्याआधी पूर्ण साडी उलगडून, दोन्ही बाजूंनी, उजेडात बघा. डबा उघडतानाचा व्हिडिओ ठेवला तर दोघांचाही वाद वाचतो.

पाडव्याला नेसायला मिळेल का?

नुसती साडी हवी असेल तर मिळेल, ऑर्डर वसुबारसेच्या आठवडाभर आधी आली तर. फॉल-पिको आमच्याकडून हवा असेल तर आणखी चार दिवस धरा. नऊवारी सेलमध्ये नाही. ती मागणीप्रमाणे विणावी लागते आणि मागावर लावलेली साडी दिवाळी आली म्हणून लवकर उतरत नाही. लग्नासाठी हवी असेल तर मुहूर्त ठरला की लगेच कळवा.