कफ उतरतो की चढतो? श्वासमार्गाच्या सफाईची पार्श्वभूमी

पावसाळा सरून घोडबंदर रस्त्यावरची धूळ पुन्हा उडू लागली, की ठाण्यातील कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या दवाखान्यांत एक वाक्य हमखास ऐकू येते: ‘डॉक्टर, सर्दी छातीत उतरली आहे.’ या वाक्यातील क्रियापद फार जुन्या समजुतीचे आहे. ग्रीक-रोमन वैद्यकाची, विशेषतः दुसऱ्या शतकातील गॅलेनची, अशीच धारणा होती की श्लेष्मा म्हणजेच कफ मेंदूत तयार होतो, कवटीच्या तळाशी असलेल्या चाळणीसारख्या हाडातून नाकात झिरपतो आणि तेथून घशात व छातीत उतरतो. पिट्यूटरी ग्रंथीच्या नावात आजही श्लेष्म्याचा लॅटिन शब्द आहे, कारण मेंदूतील श्लेष्मा तिच्यामार्फत खाली येतो असे मानले जात असे. विटेनबर्ग येथील प्राध्यापक कोनराड श्नायडर यांनी 1660 च्या दशकात हाडांची बारकाईने तपासणी करून असा मार्ग नसल्याचे आणि श्लेष्मा नाकाच्या अस्तरातच तयार होत असल्याचे दाखवले. मेंदूची त्यातून सुटका झाली. श्लेष्मा खालीच वाहतो हा समज मात्र कायम राहिला.

त्याला खरा धक्का 1834 मध्ये बसला, आणि तोही दुसऱ्याच शोधाच्या ओघात. ब्रेस्लाऊ येथे, म्हणजे आजच्या पोलंडमधील व्रोत्सवाफमध्ये, पुर्किन्ये आणि व्हॅलेंटिन हे शरीरशास्त्रज्ञ सशाच्या बीजवाहिनीत बीजांड शोधत असताना सूक्ष्मदर्शकाखाली तिच्या अस्तराचे तुकडे आपोआप फिरताना त्यांना दिसले. पेशींच्या माथ्यावरचे केसांसारखे बारीक रोमक हलत होते, आणि तसेच रोमक त्यांना श्वासमार्गातही सापडले. सूक्ष्मजीवांच्या अंगावरचे रोमक लेव्हेनहुकच्या काळापासून माहीत होते, पण सस्तन प्राण्याच्या शरीरात ते अव्याहत चालू असतात हे नवे होते. अशा अस्तरावर कोळशाची पूड टाकली तर ती एका ठरावीक दिशेनेच सरकते. श्वासनलिकेत ती दिशा वर, स्वरयंत्राकडे असते.

यंत्रणा सोपी आहे, पण नाजूक. श्वासनलिकेच्या एका रोमकधारी पेशीवर सुमारे दोनशे रोमक असतात, प्रत्येकाची लांबी सहा-सात मायक्रॉन, आणि ते सेकंदाला दहा-पंधरा वेळा फटका मारतात. पुढे जाताना रोमक ताठ असतो आणि परतताना वाकून खालून येतो. 1934 मध्ये ल्यूकस आणि डग्लस यांनी या अस्तरावर दोन थर असल्याचे मांडले: खाली पातळ द्रव, ज्यात रोमक मोकळेपणी हलतात, आणि वर चिकट श्लेष्मा, ज्याला फक्त रोमकांची टोके लागतात. धुळीचे कण आणि जंतू वरच्या थरात अडकतात व त्याच्यासह वर ढकलले जातात. खालचा थर आटला तर रोमक चिकट श्लेष्म्यात रुततात, फार जाड झाला तर त्यांची टोके वर पोहोचत नाहीत. हा थर मिनिटाला काही मिलिमीटर इतकाच सरकतो, तरी रात्रंदिवस सरकतो, आणि घशाशी आल्यावर आपण तो नकळत गिळून टाकतो.

गॅलेनच्या बाजूने एवढे म्हणता येईल की नाकाच्या बहुतांश भागात रोमकांची दिशा मागे, घशाकडे असते. नाकातला श्लेष्मा खरोखरच उतरतो, पण घशापर्यंत. छातीतला खालून चढतो, आणि दोन्ही प्रवाह घशात मिळतात. रोमकांची ही दिशा गुरुत्वाकर्षणालाही जुमानत नाही. गालाच्या हाडातील पोकळी पूने भरली की तिच्या तळाशी नवे भोक पाडावे, म्हणजे ती आपोआप रिकामी होईल, असे शल्यचिकित्सक बराच काळ मानत. ग्राझ येथील मेसरक्लिंगर यांच्या निरीक्षणांतून दिसले की श्लेष्मा त्या नव्या भोकाला वळसा घालून वरच्या मूळ तोंडाकडेच जातो. आजची दुर्बिणीने केलेली सायनसची शस्त्रक्रिया म्हणूनच मूळ तोंड मोकळे करते.

मग खोकल्याचे काम काय? खोकला ही दुसरी फळी आहे. रोमकांना न पेलणारा ढीग साचला किंवा अन्नाचा कण चुकून आत गेला, की व्हेगस मज्जातंतूमार्फत खूण जाते. आपण खोल श्वास घेतो, स्वरतंतूंमधील फट सुमारे 0.2 सेकंद मिटते, छातीत दाब वाढतो, आणि फट उघडताच हवा श्लेष्म्याला ओरबाडत बाहेर पडते. हा झोत मोठ्या नळ्यांतच जोरदार असतो. बारीक शाखांत हवेचा वेग इतका कमी होतो की तेथील सफाई रोमकांवरच सोडावी लागते. शिंकेची संवेदना ट्रायजेमिनल मज्जातंतूतून जाते आणि तिचा झोत नाकातूनही निघतो. उचकी मात्र या पंक्तीत बसवली जाते ती केवळ सवयीने: तिच्यात छाती व पोट यांमधला पडदा हवा आत ओढतो, लगेच स्वरतंतूंमधील फट मिटते, आणि बाहेर काहीच पडत नाही. कोणी आठवण काढल्याने ती लागते या घरगुती स्पष्टीकरणाहून फार खात्रीचे स्पष्टीकरण शरीरशास्त्राकडेही नाही.

रोमकांशिवाय केवळ खोकल्यावर भागते का, याचे उत्तर एका विचित्र आजाराने दिले. झुरिकच्या कार्टागेनर यांनी 1933 मध्ये चार रुग्णांचे वर्णन केले: सायनसचा जुनाट दाह, फुगून राहिलेल्या श्वासनलिका, आणि उजवीकडे हृदय. या तिन्हींचा संबंध कळायला 1976 उजाडले. स्टॉकहोमचे अफ्झेलियस यांनी शुक्राणू हलत नसलेल्या पुरुषांची तपासणी केली, तेव्हा शुक्राणूंच्या शेपटीत आणि श्वासमार्गाच्या रोमकांत त्यांना हलवणाऱ्या डायनीन या प्रथिनाच्या भुजाच नसल्याचे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने दाखवले. गर्भात डावी-उजवी बाजू ठरवण्याचे कामही रोमकांच्या प्रवाहावर अवलंबून असल्याने अशा सुमारे निम्म्या रुग्णांत अवयव उलटे असतात. हे रुग्ण जगतात, पण जन्मापासून रोज ओला खोकला काढत. खोकला मोठ्या नळ्या रिकाम्या करतो, बारीक नळ्यांत मात्र संसर्ग घर करतो.

ऐरोलीतल्या चौदा वर्षांच्या मुलाचे काल्पनिक उदाहरण घेऊ. लहानपणापासून ओला खोकला, बाराही महिने वाहते नाक, कानात पाणी. आई म्हणते, ‘एमआयडीसीच्या वासाने होतंय.’ धूर असलेल्या हवेने रोमक मंदावतात हे खरे, पण सुट्टीत कोकणात गेल्यावरही खोकला तसाच राहतो, आणि छातीच्या एक्स-रेत हृदय उजवीकडे दिसते. फिल्म उलटी लावली असेल असे वाटण्याआधी तिच्यावरची बाजूची खूण पाहावी. सॅकरिनची जुनी चाचणी अशी: सुमारे एक मिलिमीटरचा कण नाकातील खालच्या कंगोऱ्यावर, त्याच्या पुढच्या टोकापासून एक सेंटिमीटर मागे ठेवायचा, आणि मुलाने शिंकायचे, नाक ओढायचे वा खायचे नाही. मिनिटाला सहा मिलिमीटर वेगाने सात सेंटिमीटरचे अंतर कापायला सुमारे बारा मिनिटे लागतात, म्हणून वीस मिनिटांच्या आत घशात गोड लागायला हवे. याला तासाभरातही लागले नाही. पण कण थेट जिभेवर ठेवताच ‘गोड’ म्हणाला, म्हणजे चव शाबूत आहे. साधी सर्दीही रोमकांना काही आठवडे मंदावते, म्हणून यावर निदान होत नाही. नाकातील नायट्रिक ऑक्साइड वायूची मोजणी, रोमकांच्या हालचालीचे वेगवान चित्रीकरण आणि जनुकीय तपासणी यांकडे जावे लागते. तोवर करायची पहिली गोष्ट म्हणजे घरातली खोकला दाबणारी बाटली बाजूला काढणे आणि फिजिओथेरपिस्टकडून रोज छाती मोकळी करायला शिकणे.