दायित्व-मर्यादेचं कलम आणि कॅपिटल अक्षरं

"दायित्व मर्यादित करणारं कलम पूर्ण कॅपिटलमध्ये नसेल तर ते कोर्टात टिकत नाही."

तसं नाही. अमेरिकेच्या युनिफॉर्म कमर्शियल कोड या व्यापारी कायद्यात गर्भित हमी, म्हणजे करारात न लिहिताही कायद्याने लागू होणारी हमी, नाकारणारा लेखी मजकूर नजरेत भरणारा हवा, बहुधा तिथूनच हा समज पसरला. पण तिथेही कसोटी एवढीच: सामान्य माणसाच्या तो लक्षात यायला हवा होता का? ठळक शीर्षक किंवा वेगळा रंगही चालतो.

समजा, करारात व्याख्या केलेला प्रत्येक शब्द बोल्ड आहे, दायित्वाचं अख्खं कलम कॅपिटलमध्ये आणि अपवाद तिरपे. मग डोळा कुठेच थांबत नाही. व्याख्येचा शब्द फक्त पहिल्यांदा येतो तिथेच बोल्ड करा. कलमात मर्यादेचं वाक्य आणि त्याचे अपवाद सारखेच बोल्ड ठेवा. अपवाद फिके ठेवणं मला गैरच वाटतं. छापील पान हातभर लांब धरा: आधी मर्यादेचं वाक्य आणि त्याचे अपवादच दिसायला हवेत.