ट्रान्झिस्टर बदलला, तरी गेन का बदलत नाही?

बीसी ५४७ हा ट्रान्झिस्टर ए, बी आणि सी अशा तीन गटांत मिळतो. डेटाशीटमध्ये ए गटाचा hfe, म्हणजे छोट्या सिग्नलसाठीचा करंट गेन, साधारण २२२ दिलेला असतो आणि सी गटाचा ६००. ए काढून सी बसवला की अ‍ॅम्प्लिफायरचा व्होल्टेज गेन पावणेतीनपट होईल, असं कुणालाही वाटेल. प्रत्यक्षात तो वाढत तर नाहीच, थोडा कमीच होतो. असं का होतं, हे हायब्रिड मॉडेलमधून अगदी स्वच्छ दिसतं.

कॉमन एमिटरचं नेहमीचं सर्किट घेऊ. सप्लाय १२ व्होल्ट. बेसला बायस देणारे दोन रेझिस्टर: वरचा R1 ३३ किलोओहम, खालचा R2 १० किलोओहम. कलेक्टरला RC २.२ किलोओहम, एमिटरला RE १ किलोओहम आणि त्याला समांतर १०० मायक्रोफॅरडचा बायपास कपॅसिटर. सिग्नल आत येताना आणि बाहेर जाताना १० मायक्रोफॅरडचे कपलिंग कपॅसिटर. पुढे लोड RL १० किलोओहम.

सिग्नल देण्याआधी मल्टिमीटरने डीसी तपासावं. एमिटरवर सुमारे २ व्होल्ट आणि कलेक्टरवर ७.५ व्होल्ट मिळाले, तर कलेक्टर करंट २ मिलिअँपिअर आहे. ही किंमत मुद्दाम निवडली आहे, कारण डेटाशीटमधले h-पॅरामीटर २ मिलिअँपिअर, ५ व्होल्ट आणि १ किलोहर्ट्झ या स्थितीतले असतात. करंट वेगळा असेल तर ते आकडे तसेच उचलता येत नाहीत. बेस ते एमिटरचा रोध hie तर करंटच्या जवळपास व्यस्त प्रमाणात बदलतो.

आता मॉडेल. सिग्नलपुरता विचार करताना सप्लायची तार ग्राउंड समजायची आणि कपॅसिटर शॉर्ट समजायचे. ट्रान्झिस्टरच्या जागी बेस ते एमिटर hie हा रोध येतो आणि कलेक्टरकडे बेस करंटच्या hfe पट करंट ओढणारा स्रोत येतो. उरलेल्या दोन पॅरामीटरपैकी hoe म्हणजे कलेक्टरकडची गळती. ए गटात ती ५५ किलोओहमच्या समांतर रोधाइतकी असते. hre म्हणजे आउटपुटचा इनपुटवर उलट पडणारा अगदी बारीक प्रभाव. एकक कुठे ओहम, कुठे सीमेन्स, तर कुठे काहीच नाही. या मिश्रणामुळेच मॉडेलला हायब्रिड म्हणतात.

hoe आणि hre सोडून दिले, तर सगळा हिशोब तीन ओळींत बसतो:

```
Av   = -hfe × (RC || RL) / hie
Rin  = R1 || R2 || hie
Rout ≈ RC
```

ए गटाचा hie २.७ किलोओहम. RC आणि RL समांतर धरले की १.८ किलोओहम. म्हणून गेन २२२ × १.८ ÷ २.७, म्हणजे सुमारे १४८. उणे चिन्हाचा अर्थ इतकाच, की बेसवर सिग्नल वर गेला की कलेक्टरवर तो खाली येतो. hoe आणि hre धरून पूर्ण सूत्राने काढलं तर १४७ येतात. hoe मुळे गेन जितका घटतो, त्यातला बराचसा hre मुळे भरून निघतो, म्हणून ही काटछाट इथे खपते.

सी गटाचा hfe ६०० आहे खरा, पण hie सुद्धा ८.७ किलोओहम आहे. भागाकार केला की गेन १२४ येतो. इथे hoe मोठा असल्यामुळे पूर्ण सूत्राने तो ११६ पर्यंत उतरतो. गेन ठरवतं ते hfe आणि hie यांचं गुणोत्तर, आणि ते मुख्यतः कलेक्टर करंटवर अवलंबून असतं: करंट भागिले २६ मिलिव्होल्ट. गेन वाढवायचा तर जास्त hfe चा ट्रान्झिस्टर शोधण्यापेक्षा करंट आणि कलेक्टरचा रोध यांकडे बघावं.

मग सी गट घेऊन मिळतं काय? इनपुट रोध. R1 आणि R2 समांतर मिळून ७.७ किलोओहम होतात. त्याला ए गटाचा hie जोडला की इनपुट रोध २ किलोओहम, सी गटाचा जोडला की ४.१ किलोओहम. सिग्नल देणाऱ्या स्रोताचा स्वतःचा रोध १ किलोओहम असेल, तर ए गटात एक तृतीयांश सिग्नल बेसपर्यंत पोचण्याआधीच पडतो आणि एकूण गेन ९९ उरतो. सी गटात एकूण गेन १०० येतो, म्हणजे फरक नाहीच. पण स्रोताचा रोध १० किलोओहम असेल, तर ए गटात गेन २५ वर येतो आणि सी गटात ३६ वर थांबतो. ट्रान्झिस्टरचा गट महत्त्वाचा ठरतो तो इथे.

आउटपुट रोध मोजणं सोपं आहे. लोड काढून आउटपुट मोजा, मग १० किलोओहमचा लोड लावून पुन्हा मोजा. गेन १८१ वरून १४८ वर आला, तर १० किलोओहम × (१८१ ÷ १४८ − १), म्हणजे २.२ किलोओहम. RC इतकाच. लोड मात्र कपलिंग कपॅसिटरच्या पलीकडेच लावायचा. थेट कलेक्टरला लावला तर डीसी व्होल्टेजच सरकतं आणि मोजमाप भलत्याच स्थितीचं होतं.

हे सगळं छोट्या सिग्नलपुरतं खरं आहे. बेसवरचा सिग्नल ५ मिलिव्होल्ट पीकच्या आत ठेवावा. त्यापुढे ऑसिलोस्कोपवर कलेक्टरच्या लहरीचा खालचा भाग लांब आणि टोकदार, तर वरचा आखूड आणि चपटा दिसू लागतो. अशा लहरीवरून काढलेला गेन सूत्राशी ताडून बघण्यात अर्थ नाही.

हिशोब आणि मोजमाप जुळत नसतील, तर बहुतेक वेळा दोष एमिटरच्या कपॅसिटरचा असतो. RE १ किलोओहम आहे, तेव्हा १० मायक्रोफॅरड भरपूर झाले, असा अंदाज पुष्कळ जण करतात. पण या कपॅसिटरला एमिटरकडून दिसणारा रोध १ किलोओहम नसतो. बेसकडचा सगळा रोध तिथे hfe ने भागून दिसतो, म्हणजे ए गटात आणि १ किलोओहमच्या स्रोताला जेमतेम १६ ओहम. त्यामुळे १० मायक्रोफॅरड लावले तर १ किलोहर्ट्झलाच गेन सुमारे ३० टक्क्यांनी घटलेला असतो. १०० मायक्रोफॅरडने ती मर्यादा १०० हर्ट्झवर येते. २० हर्ट्झपर्यंत जायचं तर ४७० हवेत.

हाच कपॅसिटर ओपन झाला, किंवा ब्रेडबोर्डवर त्याचा पाय नीट बसला नाही, तर RE सिग्नलच्या वाटेत येतो. मग छेदात hie सोबत RE च्या hfe + १ पट, म्हणजे २२३ किलोओहमची भर पडते आणि १४८ चा गेन १.८ होतो. डीसी व्होल्टेज मात्र सगळीकडे बरोबर दिसतं, म्हणून ट्रान्झिस्टरवर उगाच संशय जातो. तो काढण्याआधी एक चांगला १०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, अधिक टोक एमिटरकडे ठेवून, RE वर नुसता टेकवून बघा. स्क्रीनवरची लहर एकदम उंच झाली, तर दोष सापडला.