वाळूजची ‘मेट्रो’ आणि तिच्या नावातला गुंता

छत्रपती संभाजीनगरात सिडको ते वाळूज एमआयडीसी हे अंतर साधारण पंधरा किलोमीटर. कारकुनाची सकाळ सेव्हन हिल्स, मोंढा नाका, क्रांती चौक, बाबा पेट्रोल पंप, छावणी, नगर नाका, पंढरपूर अशी जाते. पाय ठेवायला जागा मिळाली तर नशीब.

निजामाच्या राजवटीत १९३२ पासून सरकारी बस रेल्वेच्याच खात्याखाली धावत. पुढे एसटी आली. शहर बस कधी एसटीने, कधी ठेकेदाराने चालवली, आणि २०१९ पासून स्मार्ट सिटी बस सुरू आहे. मधली रडकथा सगळ्यांना पाठ आहे.

शेंद्रा ते वाळूज मेट्रोची चर्चा मात्र अलीकडची. तिच्यासोबत ‘निओ’ हा शब्द आला आणि घोळ इथेच झाला. केंद्राने २०२० मध्ये या प्रकाराचे निकष ठरवले. त्यात रूळ नाहीत. रबरी टायरची, वरच्या तारेतून वीज घेणारी लांब जोडगाडी, म्हणजे जुन्या भाषेत ट्रॉलीबस. २०२१ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात नाशिकच्या अशाच प्रकल्पासाठी २,०९२ कोटी रुपये जाहीर झाले, तेव्हा इकडेही लोक ‘मेट्रो येणार’ म्हणू लागले. पण ट्रॉलीबस म्हटलं असतं तर फेटे उडाले असते का, हा प्रश्न उरतोच.

खरा फरक नावात नाही, मार्गिकेत आहे. निओला पुलावर स्वतःची वाट मिळाली आणि ताशी ३० किलोमीटरचा सरासरी वेग धरला, तर पंधरा किलोमीटरला अर्धा तास लागेल. थांबे लांब लांब, म्हणून घरापासून चालायला दहा मिनिटं, गाडीची वाट पाच, आणि वाळूजला उतरून कंपनीच्या गेटपर्यंत शेअर रिक्षात दहा. एकूण ५५ मिनिटं. बस ताशी १८ ने गेली तर ५० मिनिटं, पण थांबा गल्लीच्या तोंडाशी आणि गेटजवळ, म्हणून चालणं सात आणि वाट दहा धरली तरी ६७. म्हणजे बचत बारा मिनिटांची.

बस अर्ध्या तासाने एक असेल आणि ती डोळ्यांदेखत सुटली, तर हा फरक एकदम बत्तीस मिनिटांवर जातो. उलट निओही मोंढा नाक्याच्या गर्दीतच रिक्षांमागे उभी राहिली, तर तिचाही वेग १८ वर येतो आणि हिशेब ७५ मिनिटांचा होतो. मग साधी बसच लवकर पोचवते, आणि तिला वरची तार लागत नाही.

म्हणून आराखडा समोर आला की आधी डब्याचं चित्र नव्हे, क्रांती चौकाचा आडवा छेद पाहावा: गाडीसाठी वेगळी मार्गिका आखली आहे, की ती पांढऱ्या पट्ट्यावरच संपते.