कुलूप नसलेले गेम आणि जपून ठेवायचे इन्स्टॉलर

कॉपी प्रोटेक्शन, म्हणजे नकली प्रत रोखणारं कुलूप, नसलेले गेम म्हटलं की पहिलं नाव निघतं ते जीओजी या ऑनलाइन दुकानाचं. हे दुकान काढणारी सीडी प्रोजेक्ट ही पोलंडची कंपनी. १९९४ साली ती सुरू झाली तेव्हा वॉर्सात नकली सीडी उघड्यावर, स्वस्तात मिळत. त्यामुळे १९९९ मध्ये ‘बाल्डर्स गेट’ हा गेम आणताना कंपनीने संवाद पोलिश भाषेत करून घेतले आणि खोक्यात नकाशासारख्या वस्तू घातल्या. नकली प्रतीत हे काही मिळत नव्हतं. विकत घेणाऱ्याला अडवण्यापेक्षा जास्त काहीतरी द्यायचं, हाच विचार २००८ मध्ये सुरू झालेल्या ‘गुड ओल्ड गेम्स’ म्हणजेच जीओजीमागे होता. जुने गेम नव्या विंडोजवर चालतील असे करून, कुलूप काढून विकायचे.

कुलपाचा खरा त्रास २०१५ मध्ये कळला. सेफडिस्क या पद्धतीत ड्राइव्हमधली डिस्क अस्सल आहे की नाही, हे `secdrv.sys` नावाचा ड्रायव्हर तपासायचा. तो विंडोजच्या गाभ्यात चालत असल्याने सुरक्षेला धोका होता. विंडोज १० मध्ये तो चालेनासा झाला आणि त्याच सप्टेंबरच्या अपडेटने जुन्या विंडोजवरही बंद पडला. डिस्कवर ओरखडा नाही, गेमच्या फाइल शाबूत, पैसे रीतसर मोजलेले, तरी गेम सुरू होईना. मला हा अन्याय वाटतो, कारण नकली प्रतवाल्याचं काहीच अडलं नाही.

दुकानावरही सगळा भार टाकता येत नाही. हक्कांच्या बदलामुळे २०१३ च्या अखेरीस ‘फॉलआउट’ या गेमचे जुने भाग जीओजीवरून विक्रीतून गेले आणि २०१५ मध्ये परतले. आधी घेतलेल्यांच्या खात्यात ते राहिले, पण खातं उघडता येतंय तोवरच. म्हणून इन्स्टॉलर स्वतःकडे हवा.

खात्यातल्या गेमच्या पानावर ऑफलाइन बॅकअप इन्स्टॉलर असतात. मोठ्या गेमचा एक `.exe` आणि सोबत `.bin` तुकडे येतात. नुसता `.exe` ठेवला तर काही उपयोग नाही, सगळे तुकडे एकाच फोल्डरमध्ये लागतात. उतरवल्यावर एकदा इंटरनेट बंद करून गेम बसवून बघायचा. तो नीट बसला की प्रत्येक फाइलचा हॅश, म्हणजे फाइलमध्ये जरा बदल झाला तरी बदलणारा आकडा, विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये काढून फोल्डरमध्येच लिहून ठेवायचा:

```
certutil -hashfile setup_game.exe SHA256
```

मग दुसऱ्या डिस्कवर प्रत करून तिथेही हीच कमांड चालवायची. आकडा जुळला नाही तर ती प्रत बिघडलेली, पुन्हा करायची. वर्षातून एकदा दोन्ही डिस्क अशाच तपासाव्यात. अपडेट आपोआप येत नाही. पानावर नवी आवृत्ती आली की ती वेगळी उतरवायची, आणि ती चालते याची खात्री होईपर्यंत जुनी पुसायची नाही. सर्व्हरवर अवलंबून असलेला ऑनलाइन खेळ मात्र या फाइलींनी वाचत नाही.